‘ट्रिपल यू, मग झिरो थ्री…’

मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझ्या मैत्रिणीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. त्या वेळी ती कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून वडापाव खात होती. टंगळमंगळ करत नव्हती बिचारी. इंटरव्ह्यू आहे हेच तिला माहीत नव्हतं.

तिचं खरं नाव इथे देत नाही. पण या गोष्टीत सगळा घोळ नावाचाच आहे, म्हणून तितकंच लांब आणि तितकंच अवघड असं दुसरं नाव तिला देते : ज्ञानेश्वरी सुरेश क्षीरसागर. आमच्यासाठी ज्ञानू. कॉलेजमध्ये जॉब फेअर होतं. एका स्टॉलवर तिने कागदी फॉर्म पेनाने भरला आणि ईमेलच्या रकान्यात लिहिलं, dnyanuuu.kshirsagar03. हा आयडी अकरावीच्या अॅडमिशनच्या वेळी दादाच्या मोबाइलवर घाईघाईत काढलेला. एक यू टाकला तर ‘हे नाव आधीच घेतलंय’ असं आलं, दोन टाकले तरी तेच. तीन यू चालले. शेवटचे 03 म्हणजे 2003, जन्मसाल.

आठवडाभर काहीच आलं नाही म्हणून तिने स्वतःहून फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, “लिंक शनिवारीच पाठवली होती, तुम्ही जॉइनच झाला नाहीत.” ज्ञानूने त्यांना टाइप केलेला पत्ता वाचून दाखवायला सांगितलं. त्यात यू दोनच होते. तिसरा यू कागदावरच राहिला होता. मेल परतही आला नसणार, तो दोन यूवाल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये जाऊन पडला असणार. तोवर जागा भरली होती.

तर मित्रमैत्रिणींनो, ईमेल आयडीबद्दल आपल्याला नेहमी एकच गोष्ट सांगितली जाते : ‘प्रोफेशनल ठेवा’. म्हणजे ‘किंग’, ‘क्वीन’, ‘सरकार’, ‘क्यूटी’ वगैरे काढून टाका. ते बरोबरच आहे. पण ज्ञानूच्या आयडीत किंग-क्वीन काहीच नव्हतं, आडनावसुद्धा पूर्ण होतं. तरी तो फसला. कारण तो आयडी फक्त तिलाच वाचता येत होता. तुमचा पत्ता दुसऱ्याच्या हातून टाइप होतो. तो माणूस तुम्हाला ओळखत नाही, मराठी त्याला येतेच असं नाही आणि तुमच्यासारखे साठ फॉर्म त्याच्या टेबलावर पडलेले असतात. त्या माणसाला पत्ता एकतर ऐकू येतो, नाहीतर हाताने लिहिलेला दिसतो, नाहीतर स्क्रीनवर बारीक अक्षरात दिसतो. तिन्ही ठिकाणी टिकला, तर तो आयडी चांगला. म्हणून तीन परीक्षा घ्यायच्या.

पहिली परीक्षा कानाची

घरातल्या अशा कुणाला तरी फोन लावा, ज्यांना तुमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पाठ नाही. लांबची मामी, दादाचा ऑफिसमधला मित्र, कुणीही. पत्ता एकदाच सांगा आणि त्यांना तो व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवायला सांगा. असं तिघांकडून करून घ्या. एकाचा जरी चुकला तरी दोष त्यांचा नाही, पत्त्याचा आहे.

आपल्या नावांची इथे खास अडचण होते. ‘ज्ञ’ आपण dny लिहितो. हिंदी बोलणारा तोच आवाज ‘ग्य’ असा करतो आणि gy लिहितो. गुजरातीत gn चालतं, कन्नडमध्ये jn. म्हणजे नोएडातल्या, सुरतच्या आणि बंगळुरूच्या एचआरला तुम्ही एकच नाव सांगितलंत तरी तीन वेगळे पत्ते तयार होऊ शकतात. ‘क्ष’चंही तेच. कुणी Lakshmi लिहितं, कुणी Laxmi. ‘व’साठी v की w, दीर्घ ‘ई’साठी i की ee, हे ज्याच्या त्याच्या शाळेवर अवलंबून.

याचा अर्थ नावाचं स्पेलिंग बदलायचं असा अजिबात नाही. मार्कशीटवर जे आहे तेच ठेवायचं. आयडीत एक स्पेलिंग आणि डिग्रीवर दुसरं असेल, तर नवीन घोळ सुरू होतो. करायचं एवढंच, की अवघड जागा जितक्या कमी करता येतील तितक्या करायच्या. नावातही अवघड जागा आणि आडनावातही, असं असेल तर दोन्ही पूर्ण लिहायची गरज आहे का, हा विचार करायचा.

काही अक्षरं तर फोनवर एकसारखीच ऐकू येतात. बी, डी, पी, टी, ई ही सगळी भावंडं. एम आणि एन जुळे. एस आणि एफसुद्धा नेटवर्क खराब असलं की एक होतात. त्यामुळे सांगताना शब्द जोडून सांगायचे आणि ते पलीकडच्याला माहीत असलेले असावेत. ‘डी फॉर दिल्ली, एन फॉर नागपूर, एस फॉर सुरत’ कुणालाही कळतं. ‘के फॉर कणकवली’ म्हटलंत, तर चंदीगडचा माणूस आधी कणकवली म्हणजे काय ते विचारेल. आपल्या आयडीसाठी अशी शहरांची यादी एकदाच ठरवून पाठ करून ठेवा, म्हणजे फोन आल्यावर ‘एन फॉर… एन फॉर…’ होत नाही.

दुसरी परीक्षा पेनाची

हे ज्ञानूचंच उदाहरण. वहीत भराभर dnyanuuu लिहून बघा. n च्या कमानी आणि u चे खड्डे एकमेकांत मिसळतात आणि शेवटी नुसत्या लाटा दिसतात. त्या लाटांत u दोन आहेत की तीन, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. हौसेने अक्षर दोनतीनदा लिहिण्याची सवय इन्स्टापुरती ठीक आहे.

अंडरस्कोअर कागदावर आणखी वाईट वागतो. फॉर्ममध्ये रकान्याखाली छापलेली रेघ असते, तिच्यावरच तुमचा अंडरस्कोअर येऊन बसतो आणि दिसेनासा होतो. पीडीएफ रेझ्युमेमध्ये ईमेल लिंक झाला की त्याखाली आपोआप रेघ येते, तिथेही तो गायब. वाचणाऱ्याला वाटतं स्पेस आहे, किंवा काहीच नाही. जीमेलच्या पत्त्यात अंडरस्कोअर आणि हायफन चालतच नाहीत. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि डॉट, एवढंच. आउटलुकवर अंडरस्कोअर आणि हायफन दोन्ही घेता येतात, तिथे मोह आवरा.

आकड्यांतही चोर आहेत. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल, पाच आणि एस, दोन आणि झेड. हाताने लिहिताना एक उपाय सोपा आहे : पत्ता कॅपिटल अक्षरांत, सुटा सुटा लिहायचा. जीमेल, आउटलुक यांना लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही. त्यामुळे कागदावर कॅपिटल लिहून टाइप लहान अक्षरांत झाला तरी मेल पोहोचतो.

तिसरी परीक्षा डोळ्याची

रेझ्युमे मोबाइलवर उघडा आणि झूम न करता ईमेलची ओळ वाचा. आता ही दोन नावं बघा : karnik आणि kamik. बारीक अक्षरांत r आणि n चिकटले की m दिसतो. कर्णिक, अर्णव, वर्णिका अशा नावांच्या मंडळींनी हे आवर्जून तपासावं. इलाज म्हणजे रेझ्युमेतली ती ओळ अकरा पॉइंटच्या खाली नेऊ नका, अक्षरं चिकटत असतील तर फॉन्ट बदला आणि ईमेलखालची रेघ काढून टाका.

दुसरी गंमत जोडाक्षरांची नाही, जोडनावांची. पहिलं अक्षर आणि आडनाव, ही पद्धत ऑफिसांमध्ये फार चालते. समजा तुमचं नाव ग वरून आहे आणि आडनाव आढाव. जोडून लिहिलं की झालं gadhav. मराठी माणूस ते काय वाचेल, हे सांगायला नको. ज वरून नाव असेल तर jadhav होतं, म्हणजे आढावांचे थेट जाधव झाले. पत्ता चुकीचा नाही, पण समोरचा तुम्हाला ‘जाधव सर’ म्हणून उत्तर देणार. म्हणून आयडी ठरल्यावर तो डॉट काढून, सलग, मोठ्याने एकदा वाचायचाच. आणि मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही कानांनी ऐकायचा.

डॉटचं खरं काम

डॉट इथे डोळ्याला मदत करतो. g.adhav लिहिलं की आढाव वेगळे दिसतात. पण जीमेलचा डॉट जरा फसवा आहे, तो समजून घ्या. जीमेल स्वतः डॉट मोजतच नाही. g.adhav आणि gadhav त्याच्या दृष्टीने एकच. याचे दोन परिणाम होतात. एक, डॉट नसलेला आयडी कुणी घेतला असेल, तर डॉट टाकून तो तुम्हाला मिळणार नाही. दोन, कुणी तुमचा डॉट विसरला तरी मेल तुमच्याकडेच येतो. हा फायदाच.

मात्र हे फक्त जीमेलच्या आत. बाहेरच्या जॉब पोर्टलला किंवा परीक्षेच्या साइटला हे नियम माहीत असतीलच असं नाही. तिथे तुम्ही डॉटसकट रजिस्टर केलंत आणि पुढच्या वर्षी डॉटशिवाय लॉगइन करायला गेलात, तर ‘असं खातंच नाही’ असं उत्तर येऊ शकतं. आउटलुकवर तर डॉट असलेला आणि नसलेला हे दोन वेगळे पत्ते असतात. तेव्हा डॉट कुठे ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तसाच लिहा.

जन्मसाल कशाला नको?

हवं ते नाव मिळत नाही, मग जीमेलच आकडे सुचवतं आणि आपण त्यात जन्मसाल घालतो. ‘आकडे प्रोफेशनल दिसत नाहीत’ हे कारण मला तरी कच्चं वाटतं. पक्कं कारण दुसरं आहे. आधार कार्डची पीडीएफ डाउनलोड केलीत, तर तिचा पासवर्ड काय असतो आठवा : नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. ज्ञानूच्या आयडीकडे पुन्हा बघा. नाव dnyan पासून सुरू, शेवटी 03. म्हणजे DNYA2003. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिची आधारची फाइल डाउनलोडमध्ये राहिली असेल, तर कुलूपही तिथेच आणि किल्ली रेझ्युमेवर.

आणखी एक. आकडा लोक विसरतात. परत आलेल्या मेलचं निदान पाठवणाऱ्याला कळतं. पण तुमचा 03 गाळून पाठवलेला मेल त्या नावाच्या दुसऱ्या कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये जाऊन पडला, तर तो परत येत नाही. पाठवणारा म्हणतो पाठवला, तुम्ही म्हणता आला नाही, दोघंही खरं बोलत असता. स्नेहा पाटील, अमोल शिंदे अशी नावं असणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण तुमच्या नावाची माणसं भरपूर. आकडा टाळण्यासाठी आधी वडिलांच्या किंवा आईच्या नावाचं आद्याक्षर मध्ये घालून बघा. आपल्याकडे मधलं नाव सगळ्यांकडे असतंच, ते कामाला आणा. गावाचं नाव नको, पुण्याची माणसं उद्या हैदराबादला जातात. adv, dr, ca असं काही डिग्री मिळायच्या आधी तर मुळीच नको. आणि official हा शब्द सेलिब्रिटींना शोभतो, बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला नाही.

ज्ञानूचा आयडी कसा ठरला

कॅन्टीनच्या त्याच टेबलावर आम्ही वही घेऊन बसलो. पहिला पर्याय अर्थातच पूर्ण नाव :

dnyaneshwari.kshirsagar

डॉट धरून तेवीस अक्षरं. जीमेलला सहा ते तीस अक्षरं चालतात, म्हणजे बसतो. दिसतो पण छान. पण फोनच्या परीक्षेत तिघांपैकी दोघांचा चुकला. एकाने gyan केलं, एकाने w चा v. आडनाव मात्र दोघांनीही बरोबर लिहिलं, कारण ते तिने अक्षर-अक्षर सांगितलं होतं आणि तोवर ऐकणारा सावध झाला होता.

मग दुसरा, आद्याक्षरं आधी : dskshirsagar. वाचून बघा. सुरुवातीलाच d, s, k, s, h अशी पाच व्यंजनं रांगेत उभी. आडनाव कुठून सुरू होतं तेच कळत नाही. डॉट टाकून ds.kshirsagar केलं तर डोळ्याला बरं, पण फोनवर ऐकणाऱ्याला पहिल्याच दोन अक्षरांचा अर्थ लागत नाही, आणि ‘डी’चा ‘बी’ होतो.

तिसरा पर्याय मार्कशीटनेच दिला. तिथे आडनाव आधी असतं. मग तसंच करून पाहिलं :

kshirsagar.ds

तेरा अक्षरं. अवघड शब्द एकच, तोही आधी, जेव्हा ऐकणाऱ्याचं लक्ष असतं. शेवटी दोन आद्याक्षरं, ‘डी फॉर दिल्ली, एस फॉर सुरत’. तिघांनाही नीट ऐकू आलं. हाताने लिहून पाहिलं, लाटा नाहीत. डॉट काढून वाचलं तर kshirsagards, जरा इंग्रजी गार्डसारखं वाटतं, पण वाईट काही नाही. हा पक्का.

“पण यात माझं नावच नाही ना,” ज्ञानू कुरकुरली. तर हे महत्त्वाचं : नाव दाखवण्याचं काम पत्त्याचं नाही. मेल येतो तेव्हा इनबॉक्समध्ये आधी दिसतं ते पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता नंतर. ते नाव वेगळं भरलेलं असतं आणि केव्हाही बदलता येतं. पत्ता टाइप करण्यासाठी, नाव ओळखण्यासाठी. तिच्या जुन्या खात्यावर ते नाव होतं ‘Dnyanu’ आणि पुढे लाल बदाम. म्हणजे तिने आजवर पाठवलेला प्रत्येक अर्ज एचआरच्या यादीत बदामासकट पोहोचला होता! तुमचंही तपासा. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये Accounts and Import मध्ये Send mail as अशी ओळ असते, तिथे edit info. तिथे मार्कशीटवरचं नाव आणि आडनाव टाका. मग मित्राला मेल पाठवून त्याच्या मोबाइलवर काय दिसतं ते बघा.

बाकी ठिकाणी हाच आयडी हट्टाने नेऊ नका. गिटहबवर डॉट चालत नाही, हायफन चालतो, म्हणून तिथे kshirsagar-ds. आयटीवाले ds म्हणजे डेटा सायन्स समजतील, समजू देत. लिंक्डइनची लिंक कुणी फोनवर सांगत नाही, क्लिक करतात. तिथे पूर्ण नाव लांबलचक असलं तरी चालतं, फक्त नावामागे आपोआप लागलेली आकड्या-अक्षरांची शेपटी काढून टाका.

मुलींसाठी एक प्रश्न उरतो, आणि तो आमच्या टेबलावरही निघालाच : लग्नानंतर आडनाव बदललं तर? बदलायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. पण डिग्रीवर, मार्कशीटवर, पहिल्या नोकरीच्या पत्रावर आजचंच नाव राहणार आहे आणि पुढची अनेक वर्षं कागदपत्रांची तपासणी त्याच नावाने होणार आहे. त्यामुळे डिग्रीवरच्या नावाचा आयडी चुकीचा ठरत नाही. नवीन नाव लावलंत तरी ‘पाठवणाऱ्याचं नाव’ बदलता येतं, पत्ता तोच ठेवून.

जुन्या घरातून नव्या घरात

नवीन आयडी काढला, की जुना डिलीट करण्याचा उत्साह येतो. थांबा. काहींना गूगल खात्यात पत्ताच बदलण्याचा पर्याय दिसत असेल. नसेल, तर नवीन खातं उघडा आणि जुनं चालू ठेवा. जुन्याच्या सेटिंगमध्ये Forwarding and POP/IMAP असा भाग असतो. तिथे नवीन पत्ता टाकला की त्यावर कन्फर्मेशनचा मेल येतो, तो मंजूर केल्यावर फॉरवर्डिंग सुरू करायचं. त्यानंतर जुन्यावर आलेला मेल नव्यावरही येतो. स्पॅममध्ये पडलेले मात्र फॉरवर्ड होत नाहीत, म्हणून जुन्या खात्यात अधूनमधून डोकावायचंच. त्याला दुसरंही कारण आहे. दोन वर्षं वापर झाला नाही, तर गूगल ते खातं काढून टाकू शकतं.

मग एक कागद घ्या आणि जुना आयडी कुठे कुठे दिलाय ते लिहा : बँक, डिजिलॉकर, विद्यापीठाचं पोर्टल, महाडीबीटी, सीईटी, जॉब पोर्टल. एकेक बदलत जा. फक्त ज्या परीक्षेचा किंवा भरतीचा अर्ज आत्ता चालू आहे, तिथे हात लावू नका. आयबीपीएससारख्या संस्था जाहिरातीतच सांगतात, की दिलेला ईमेल प्रक्रिया संपेपर्यंत चालू ठेवा. कॉल लेटरची खबर त्याच पत्त्यावर येते.

आणि कॉलेजने दिलेला ईमेल रेझ्युमेवर टाकू नका. दिसतो भारी, पण कॉलेज सोडल्यावर तो कधी बंद होईल ते तुमच्या हातात नाही. मार्चमध्ये दिलेल्या अर्जाचं उत्तर ऑगस्टमध्ये येऊ शकतं.

हे सगळं केलं तरी चूक होऊ शकते, टाइप शेवटी दुसराच करतो. म्हणून ज्ञानूने स्वतःसाठी एक सवय लावून घेतली. गेल्या महिन्यात तिला दुसऱ्या एका कंपनीतून फोन आला. पत्ता विचारला. तिने सांगितला, दिल्ली आणि सुरतसकट. मग म्हणाली, “सर, प्लीज आत्ताच एक कोरा मेल टाकता का? मी लाइनवर आहे.” पलीकडे जरा शांतता. मी शेजारीच बसले होते. अर्ध्या मिनिटात तिचा फोन थरथरला. मेलचा विषय होता ‘टेस्ट’, आत काहीच नव्हतं.

“आला सर,” ज्ञानू म्हणाली. आणि इंटरव्ह्यूची तारीख लिहून घ्यायला माझं पेन ओढून घेतलं.